शेऱ्यांचा सौदा

आमच्या हायस्कुलात सहामाही परीक्षेची प्रगतिपुस्तके दिवाळीची सुट्टी संपल्यावर वाटली जात. त्याआधी वर्गशिक्षकांनी लिहिलेले शेरे तपासून ती मुख्याध्यापकांच्या सहीसाठी पुढे पाठवायची, हे पर्यवेक्षक म्हणून माझे काम. खरे तर मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर मी बसायचा होतो. गणित शिकवण्यात माझा हात धरणारा पांढरकवड्यात दुसरा नव्हता. पण संस्थेच्या मंडळींना शुद्ध बोलणारा, बापजाद्यांपासून कचेरीत वावरलेला माणूस हवा होता. माझा आजा बैलांवर मीठ लादून हिंडला, बापाने बंजाऱ्यांच्या तांड्यावर राहून वहिती केली, आणि मी सुट्टीत बैलबाजारात दलाली करून मॅट्रिक झालो. अशा माणसाला त्यांनी पर्यवेक्षक केले आणि वर म्हणाले, "तुमचा स्वभाव जरा तापट आहे." हे मी विसरलेलो नाही. विसरणारही नाही.

त्या वर्षी आठवीची प्रगतिपुस्तके उघडली आणि मला शिसारी आली. पहिल्या पुस्तकात "प्रगती समाधानकारक". दुसऱ्यात तेच. पुढे काही "अधिक मेहनत घ्यावी", मग "अभ्यासात लक्ष नाही". वरच्या नंबरांना पहिले वाक्य, मधल्यांना दुसरे, खालच्यांना तिसरे. पोराचे नाव झाकले तर कोणते पुस्तक कोणाचे, हे त्याच्या आईलासुद्धा ओळखता आले नसते. आणि अक्षर सगळीकडे एकसारखे गोल, वळणदार. वर्गशिक्षकाचे अक्षर मला माहीत होते; ते कोंबडीच्या पायांसारखे होते. म्हणजे वर्गातल्या एका चांगल्या अक्षराच्या पोरीकडून शेरे लिहून घेतले होते. पोरीने आपल्याच मैत्रिणींना "लक्ष नाही" असे लिहिले होते, आणि गुरुजींनी खाली नुसती सही ठोकली होती.

बैल विकताना दलालसुद्धा बैलाचे दात पाहतो, खूर पाहतो, कोणत्या बाजूने ओढतो ते सांगतो. येथे माणसाच्या लेकराबद्दल तेवढीही तसदी नव्हती.

त्या गठ्ठ्यातल्या एका पुस्तकावर माझी नजर अडकली. मुलगी जवळच्या तांड्यावरची. शाळेत तांड्यावरच्या मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि आठवीत ही एकटीच. तिच्या पुस्तकात "अनियमित. अभ्यासात लक्ष नाही." तिच्या बापाला मी ओळखत होतो. दसऱ्याच्या सुमारास तो बाजारात मला भेटून म्हणाला होता, "गुरुजी, कापसाची वेचणी आली. पोरीचं काही होत असन तर सांगा, नाहीतर तिले शेतावर घेतो आन् मांडव घालतो." मी म्हणालो होतो, "पुस्तक मिळू दे, मग बोलू." म्हणजे या दोन शब्दांवर त्या पोरीची शाळा अडकून होती. "लक्ष नाही" असे शाळेनेच लिहून दिले तर बापाला आणखी काय हवे?

मी गठ्ठा उचलला आणि शिक्षकांच्या खोलीत गेलो. वर्गशिक्षक सुपारी कातरत बसले होते. वणीकडचे, मनाने वाईट नाहीत. पण कोणत्याही कामाला दोन वाक्यांपेक्षा जास्त द्यायचे नाही, असा त्यांचा नेम.

"हे काय आहे?" मी गठ्ठा टेबलावर आपटला.

"पुस्तकं हायेत," ते म्हणाले. "तुम्हाले काय दिसून राह्यलं?"

"चिल्लर दिसते. एकाच टाकसाळीतली."

"गुरुजी, पन्नासाच्या वर पोट्टे हायेत. प्रत्येकाले नवीन वाक्य कुठून आनू? आन् शेऱ्याचा रकाना पाहा. दोन बोटं जागा. त्याच्यात का कादंबरी लिहू?"

बाजूचे हिंदीचे मास्तर हसले. "यायले तांड्याची वकिली करायची हाये. बाकीच्या पोट्ट्यायचं नाव आहे फक्त."

मला संताप आला. पण बाजारात मी एक शिकलो होतो: समोरचा हसला की आवाज चढवायचा नाही, माल दाखवायचा. मी त्या मुलीचे पुस्तक उघडून वर्गशिक्षकांपुढे धरले.

"लक्ष नाही, असं तुम्ही कशावरून म्हणता?"

"भूगोलात नापास. निंदणीच्या दिवसांत येतच नव्हती. वाचायले उभी केली तर अडखळते."

"आणि गणितात?"

"गणितात..." त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "गणिताचं सांगू नका. डोकं फिरवते. 'आठ बायांना शेत निंदायला सहा दिवस लागतात, तर बारा बायांना किती?' असं उदाहरण होतं. मी त्रैराशिक शिकवलं. हिनं मांडलंच नाही. नुसतं लिहिलं, चार दिवस. मी विचारलं, कुठून पाहून लिहिलं? तर म्हणते कशी, आठ जणींच्या सहा दिवसांच्या अठ्ठेचाळीस हजऱ्या होतात, बारा जणी आल्या तर चार दिवसांत संपतात, याच्यात मांडायचं काय? मी अर्धे मार्क कापले. पण आठ दिवस मी तेच उदाहरण डोक्यात घेऊन फिरत होतो."

"मग हेच लिहा!"

"हे?" ते खरोखर चकित झाले. "हा काय शेरा झाला? शेरा म्हणजे शेऱ्यासारखा पाहिजे."

तेव्हा मला सगळा घोटाळा कळला, आणि किळस आणखी वाढली. या माणसाला पोर माहीत होती. तिचे अडखळणे, तिचा हट्ट, तिची अक्कल, सगळे. सुपारी कातरताना तो ते बोलत होता. पण कागदावर टाक टेकवला की त्याला वाटे, आता सरकारी भाषा लिहिली पाहिजे. आणि सरकारी भाषेत कोणाचेच तोंड दिसत नाही.

मी सौदा सुरू केला. "सगळी पुस्तकं नवीन लिहा."

"मुळीच नाही. उद्या वाटायची आहेत."

"निम्मी."

"गुरुजी, माझी कवायतीची तासिका कोण घेईल?"

"मी घेईन. पुढचा आठवडाभर."

ते थोडे वाकले. शेवटी सातांवर सौदा ठरला. ज्यांच्या घरी शाळा सुटण्याची बोलणी सुरू आहेत, अशी सात पोरे. बाकीच्या पंचेचाळीस-पन्नासांचे मी नाव घेतले, पण ते हलले नाहीत.

दुपारभर आम्ही व्हरांड्यात बसलो. मी विचारायचे, त्यांनी बोलायचे, आणि बोललेले लगेच कागदावर उतरवायचे. वाईटही लिहायचे, पण कुठे वाईट ते सांगून. आणि चांगले असेल तर काय केले ते सांगून. एका मुलाबद्दल ते म्हणाले, "बावळट." मी म्हटले, "कधी बावळट?" त्यांनी विचार केला. "फळ्यावर बोलावलं की. जागेवर बसून विचारलं तर सांगतो." मग तेच लिहिले. रकाना दोन बोटांचा, म्हणून अक्षर बारीक केले आणि खालच्या मोकळ्या समासात उतरलो. जुन्या शेऱ्यावर एक रेघ मारून बाजूला त्यांनी आपली आद्याक्षरे घातली.

त्या मुलीच्या पुस्तकात शेवटी असे झाले: "गणितात हजऱ्या मोजून स्वतःच्या रीतीने बरोबर उत्तर काढते, रीत लिहून दाखवण्याची सवय लावावी. वाचताना अडखळते, पण अडलेला शब्द विचारते. निंदणीत शाळा बुडाल्याने भूगोलाचे तीन धडे राहिले. रोज आली तर नाताळापर्यंत भरून निघतील." लिहून झाल्यावर वर्गशिक्षकांनी ते दोनदा वाचले. म्हणाले, "हे वाचून तर पोट्टी समोर उभी राह्यल्यासारखी वाटते."

मुख्याध्यापकांकडे सातही पुस्तके घेऊन गेलो. त्यांनी चष्मा पुसला आणि पहिलीच रेघ पाहून तोंड वाकडे केले.

"ही खाडाखोड कशासाठी?"

"शेरे खोटे होते."

"खोटे नव्हते, संक्षिप्त होते. उद्या तपासणीला साहेब आले आणि त्यांनी 'अडलेला शब्द विचारते' वाचलं, तर काय समजतील? शाळा आहे की गप्पांचा अड्डा? एका वर्गात भाषेची समानता हवी."

"समानता गणवेशात ठेवा," मी म्हणालो. "पोरांत नाही."

"तुमचा स्वभाव..."

"माहीत आहे. तो पाहूनच संस्थेने खुर्ची तुम्हाला दिली."

खुर्चीचा विषय त्यांनाही टोचत असे. मी तेवढ्यात सौदा पुढे ढकलला: या सातांवर सही करा, मग बाकी गठ्ठा मी पुन्हा तुमच्यापुढे आणणार नाही. त्यांनी सात सह्या केल्या. त्यांच्या चेहऱ्यावर असा भाव होता की जणू शेणात पाय पडला.

दुसऱ्या दिवशी मुलीचा बाप आला. डोक्यावर लाल फेटा, हातात काठी, सोबत मुलगी. त्याला वाचता येत नव्हते. तो मला म्हणाला, "वाचा गुरुजी, सगळं वाचा. गोड करून नका वाचू."

मी जसेच्या तसे वाचले. गणिताचे ऐकून त्याने मुलीकडे पाहिले आणि हसू दाबले. "हजऱ्या ती माझ्याबी अशाच काढते. मुकादमानं एक हजरी कमी धरली तर तोंडावर सांगते. ते तुमच्या पुस्तकात कसं आलं?"

"तिनंच तिकडे आणलं."

"आन् भूगोल?"

"तीन धडे. रोज आली तर."

तो काठीवर हनुवटी टेकून उभा राहिला. मग म्हणाला, "नापास असं लिहिलं असतं तर घेऊन गेलो असतो. पण तीन धडे राहिले म्हनता, तर तीन धड्यायसाठी पोरीले कायले घरी बसवू? सकाळी ती कापूस वेचन, मग शाळेत येईन. उशीर झाला तर तिले मारू नका."

"नाही मारणार."

"आन् मांडवाचं पुढच्या वर्षी पाहू." त्याने पुस्तकावर सहीच्या जागी अंगठा उठवला, मुलीला "चाल छोरी, वर्गात जाय" म्हणाला आणि गेला.

मला बरे वाटायला हवे होते. पण त्याच वेळी व्हरांड्यात बाकीचे बाप रांगेत उभे होते. एक म्हातारा खेड्यावरून आलेला; त्याने पुस्तक मला वाचायला दिले. मी वाचले, "अधिक मेहनत घ्यावी." तो वाट पाहत राहिला. "आन् पुढे?" पुढे काही नव्हते. "म्हंजे काय करायचं, गुरुजी? कशाची मेहनत?" मला सांगता येईना, कारण त्याचे पोर माझ्या वर्गात नव्हते आणि ज्याच्या वर्गात होते तो आत सुपारी कातरत होता. म्हाताऱ्याने पुस्तक घडी करून टोपीत ठेवले आणि पोराच्या पाठीत एक धपाटा घातला. शाळेने सांगितले, म्हणून.

पन्नास मागितले होते, सात मिळाले. बाजारात असा सौदा करून घरी गेलो असतो तर बापाने मला जेवायला दिले नसते.