गुरुवारच्या आत पोचायचं

व्हिसा मंजूर झाल्याची ईमेल आली तेव्हा मी मंचरच्या हॉस्पिटलात एका आजोबांना सलाईन लावत होते. दुपारी डबा खाताना पत्र उघडलं. आठ वर्षं त्या पत्राच्या मागं घालवली होती. इंग्रजीची परीक्षा तीनदा दिली, नर्सिंगची तिकडची नोंदणी केली, पोलिसांचा दाखला काढला, पुण्याला जाऊन दोघांची आरोग्य तपासणी करून घेतली. आणि पत्र आलं तर काय, पासपोर्टवर शिक्का नाही की स्टिकर नाही. नुसतं ईमेलला जोडलेलं पत्र, माझं एक, नवऱ्याचं एक.

मी ते तीन वेळा वाचलं. ऑस्ट्रेलियात कायम राहायची परवानगी, पण दोन अटी. पहिली, दोघांनीही दिलेल्या तारखेच्या आत एकदा तरी तिकडं पाऊल टाकायचं. ती तारीख आमच्या तपासणीवरून आणि पोलिसांच्या दाखल्यावरून धरलेली. ते कागद जुने झाले होते, त्यामुळं हातात जेमतेम चार महिने उरले. दुसरी अट नवऱ्याच्या पत्रात होती: मुख्य अर्जदार आत आल्याशिवाय यांनी आत यायचं नाही. मुख्य अर्जदार म्हणजे मी. नवरा माझ्या अर्जावरचा.

आता हे वारूळवाडीला घरी कसं सांगायचं?

सासूबाईंनी पत्राचा अर्थ ऐकला आणि म्हणाल्या, "म्हंजी त्यो आधी जाऊन खोली बघंल, मग तू जा. बाईमाणसानं आधी जाऊन काय करायचं तिकडं?"

"आई, ते आधी गेले तर त्यांचा व्हिसा जाऊ शकतो. मी आधी, ते नंतर. नाहीतर दोघं एकदम."

"जाऊ शकतो म्हंजी जातोच आसं न्हाई ना?"

देवा! मी कपाळाला हात लावला. नारायणगावच्या तिकीटवाल्याकडं गेले, म्हटलं निदान याला तरी कळत असेल. तो खुर्चीत रेलून म्हणाला, "ताई, घरधनीच पुढं जातो. आपल्याकडनं गेलेली समदी माणसं तशीच गेली." मी पत्र त्याच्या पुढ्यात ठेवलं. त्यानं ते उलटं धरून बघितलं, सुलटं धरून बघितलं आणि चहा मागवला. त्याच्याकडून फक्त तिकीट काढायचं, सल्ला घ्यायचा नाही, हे मी तिथंच ठरवलं. पुढं तेही अंगाशी आलं ते वेगळं.

आमची जोडीनं जायची सोय नव्हती. माझी तिकडच्या हॉस्पिटलात रुजू व्हायची तारीख ठरलेली, आणि नवरा शाळेत दहावीला शिकवतो. परीक्षा संपेपर्यंत त्याला सोडणार कोण? शेवटचा पेपर सोमवारी. आणि आमची शेवटची तारीख त्याच आठवड्यातला गुरुवार. म्हणून मी तीन आठवडे आधी जायचं, आणि त्यांनी मंगळवारी संध्याकाळी घर सोडून मध्यरात्रीनंतरचं विमान धरायचं, असं ठरलं. बुधवारी संध्याकाळी मेलबर्नला. एक दिवस हातचा राखून. तिकीट मी स्वतः समोर बसून काढून घेतलं, छापील कागद देवघराच्या कपाटात ठेवला आणि मग निघाले.

मेलबर्नला उतरले तर खिडकीतल्या बाईनं पासपोर्ट बघितला, पडद्यावर बघितलं आणि जा म्हणाली. आठ वर्षांचं काम चाळीस सेकंदात झालं. बाहेर येऊन मी बाकावर बसून रडले. मग नवऱ्याला मेसेज केला, "मी आत आले. आता तुम्हाला यायला कागदोपत्री मोकळीक." त्यांनी अंगठा पाठवला. आमच्या ह्यांचं प्रेम हे एवढंच, अंगठ्याएवढं.

मग आला तो शेवटच्या आठवड्याआधीचा रविवार. म्हणजे त्यांच्या शेवटच्या पेपरचा आदला दिवस. मला आपलं उगीच वाटलं म्हणून म्हटलं, तिकिटाचा फोटो पाठवा, कितीला उतरणार ते बघते. फोटो आला. मुंबईहून सुटायची वेळ, गुरुवार, रात्री आठ.

मी दोनदा वाचलं. मग फोन लावला.

"हे काय आहे? गुरुवार कुठून आला?"

"अगं, आईनं बदलून घेतलं. मी परीक्षेच्या ड्युटीवर, फोन जमा असतो ना आमचा. पण गुरुवारच आहे ना आपली शेवटची तारीख? गुरुवारीच निघतोय की."

"अहो मास्तर! पोरांना दहावीचा भूगोल कोण शिकवतं? गुरुवारी रात्री आठला निघालं की पोचायचं शुक्रवारी दुपारी! पत्रात निघायची तारीख लिहिली नाही, पोचायची लिहिलीय! आणि इकडचा गुरुवार तुमच्या आधी साडेपाच तास संपतो!"

मास्तर तोंडातल्या तोंडात "आयला" म्हणाले आणि फोन सरळ आईकडं दिला. हा माणूस भांडणात नेहमी असाच बाजूला सरकतो.

सासूबाईंचं म्हणणं सरळ होतं. त्यांनी कपाटातलं तिकीट शेजारच्या पोरीकडून वाचून घेतलं, तर त्यावर बुधवार. संध्याकाळी घरातून निघायचं मंगळवारी, पण विमान उडायचं बुधवारी. झालं! त्या चालत नारायणगावला गेल्या आणि त्या तिकीटवाल्या महाभागानं एका शब्दात बदलून दिलं. मला फोन करायची गरज दोघांनाही वाटली नाही.

"जाशील बुधी तर येशील कधी," सासूबाई म्हणाल्या. "आमच्यात बुधवारी पोराला न्हाई धाडत. त्याचे वडील बुधवारीच पुण्याला दवाखान्यात गेले व्हते. आले का परत?"

सासरे गेले तेव्हा मी या घरात नव्हते. पण संताप कमी झाला नाही, उलट वाढला, कारण आता ओरडायचीही चोरी. मी म्हटलं, "आई, गुरुवारच्या आत ते इथं आले नाहीत तर त्यांचा व्हिसा रद्द होऊ शकतो. पुन्हा अर्ज, पुन्हा दाखले, पुन्हा दीड-दोन वर्षं. मी इथं, ते तिथं. चालेल?"

"मग त्या साहेबांना सांग की, एक दिस वाढवून द्या."

"आई, तो तलाठी नाही हो! आणि मागितलं तरी देतीलच अशी खात्री नाही."

"न्हाई देत तर न्हाई. पण बुधवारी न्हाई."

फोन ठेवला. नवऱ्याला वेगळा फोन केला, तिकीटवाल्याला उठवा म्हटलं. तासाभरानं कळलं, मंगळवार-बुधवारमधलं आपलं जुनं विमान भरलंय. एकच मार्ग उरला: बुधवारी रात्री मुंबई, सकाळी सिंगापूर, गुरुवारी संध्याकाळी आठला मेलबर्न. तारीख संपायला चार तास बाकी. सिंगापूरचं पुढचं विमान हुकलं की संपलं. आणि घर सोडायचं बुधवारी. नेमकं बुधवारीच!

म्हटलं, आता ही बाई ऐकायची नाही. मी त्या भाड्याच्या खोलीत येरझाऱ्या घालत होते, हॉस्पिटलातून दमून आलेली, भात करपलेला, आणि डोक्यात एकच, की त्या घरात मी एवढी पत्रं वाचली, एवढ्या परीक्षा दिल्या, आणि शेवटी सगळं अडलं ते एका वारावर. मग माझ्या बोरी बुद्रुकच्या आजीची आठवण झाली. मामाला नोकरीवर जायचं होतं आणि दिवस वाईट होता, तेव्हा तिनं दोन दिवस आधी त्याचं धोतर, सुपारी आणि मूठभर तांदूळ कापडात बांधून शेजारच्या घरी नेऊन ठेवले होते. प्रस्थान. गाठोडं चांगल्या दिवशी घराबाहेर पडलं की माणूस निघाला. मग अंगानं कधीही जावं.

मी परत फोन लावला. "आई, प्रस्थान ठेवा ना त्यांचं! सोमवारी. पेपर संपला की लगेच. सोमवार चालतो?"

त्या तोंडानं वार मोजायला लागल्या. मग म्हणाल्या, "चालतो."

"मग सोमवारी निघाले की ते. बुधवारी नुसतं गाठोडं उचलून पुढं जायचं."

"आगं बाई," त्या म्हणाल्या, "मला का न्हाई सुचलं?" आणि लगेच, "पण कुठल्या अंगाला ठेवायचं? आस्ट्रेलिया कुठल्या बाजूला येतं?"

मागून मास्तरांचा आवाज आला, "आग्नेयेला." चला, भूगोल निदान एवढा तरी कामाला आला.

सोमवारी गाठोडं शेजारच्या घरी गेलं. बुधवारी सकाळी नवरा ते उचलून निघाला. सासूबाईंनी पोराला निरोप दिला, पण सोडायला दारापर्यंतच आल्या. तो सोमवारीच गेलाय ना, आता दारात रडायचं कशाला, असं म्हणाल्या म्हणे.

गुरुवारी मी विमानतळावर घड्याळाकडं बघत उभी. सिंगापूरचं विमान पन्नास मिनिटं उशिरा सुटलेलं. पावणेनऊला उतरलं. नऊ वाजून गेले, सव्वानऊ झाले, फोन बंद. मी मनातल्या मनात आमच्या मास्तरांना, तिकीटवाल्याला, बुधवाराला, सगळ्यांना शिव्या घालत होते. मग मेसेज आला, "खिडकीपार. जा म्हणाले." सोबत अंगठा नव्हता, हे विशेष.

पुढं अर्धा तास लागला, कारण गाठोड्यातले तांदूळ त्यांनी प्रामाणिकपणे सामानाच्या कागदावर लिहिले. बाहेरचं धान्य आत येऊ देत नाहीत. तांदूळ काढून घेतले, सुपारीही घेतली, कापड परत दिलं. नवरा ते रिकामं कापड हातात घेऊन बाहेर आला. मी त्यांना मिठी मारली आणि त्याच दमात म्हणाले, "पुन्हा तुमच्या आईनं तिकिटाला हात लावला तर बघा."

तिथूनच त्यांनी घरी फोन लावला. सासूबाई म्हणाल्या, "पोचला ना? म्हटलं व्हतं, प्रस्थान ठिवलं की काय व्हत न्हाई."

माझं टाळकं सरकलं. मी फोन हातात घेतला. तीन आठवड्यांपूर्वी मी त्याच दारातून एकटी निघाले होते, डोळे पुसत, कोणी साधी सुपारीसुद्धा हातावर ठेवली नव्हती. "आई, एक विचारू? माझं प्रस्थान ठेवलं होतं का हो कोणी?"

"तुझं?" त्या म्हणाल्या. "तुझं कशाला ठिवायचं? तू त्या परीक्षेचं पुस्तक घिऊन पडवीत बसायला लागली ना, त्याच दिशी तू निघालीस. मी रोज बघत व्हते." मग म्हणाल्या, "त्याचं मातर मला सोमवारी कळलं."

नवरा विचारत होता, आई काय म्हणाली. मी ते कापड त्याच्या हातातून घेतलं, घडी केली आणि पर्समध्ये ठेवलं.