बाइंडिंग वायरचा पीळ

वसईत गाडीचा हीटर लागतो कुणाला, असं मला बोळिंजच्या नाक्यावरच्या मेकॅनिकने विचारलं तेव्हा त्याच्या तोंडावर काहीतरी सणसणीत फेकावंसं वाटलं होतं. पण त्याचंही खरंच होतं. आमच्याकडे आठ महिने घाम पुसायचा आणि उरलेले चार महिने छत्री शोधायची. गाडीत हीटरचं बटण असतं एवढं माहीत असलं तरी खूप.

मला लागत होता. माझ्या नवऱ्याचं डायलिसिस सुरू झालं होतं, आठवड्यातून तीनदा. मंगळवार, गुरुवार, शनिवार. वसईला सेंटरवर दुपारची पाळी मिळालेली, सुटेपर्यंत अंधार पडायचा. डायलिसिस संपलं की त्यांना थंडी भरायची. ताप नाही, इन्फेक्शन नाही, डॉक्टरांनी सगळं तपासलं. काहींना होतं असं, म्हणाले, ऊब द्या. त्यात डिसेंबर. निर्मळच्या बाजूने घरी यायचं तर दोन्ही अंगांना वाड्या, केळी, ओलावा, आणि संध्याकाळनंतर त्या रस्त्याला चांगलाच गारठा उतरतो. काचा बंद केल्या की आतून धुकं धरायचं, समोरचं दिसायचं नाही. काच साफ करायला ब्लोअर लावावा, तर तो बाहेरची गार हवा थेट आत ओढून आणायचा. हीटरची खुंटी लाल खुणेपर्यंत फिरवली तरी तीच गार हवा. दोन शाली, कानटोपी, पायांत लोकरी मोजे, आणि तरी शेजारच्या सीटवर माझ्या नवऱ्याचे दात वाजत असायचे. मला गाडी चालवता यायची ती नोकरीपुरती, आता अर्धं लक्ष रस्त्यावर आणि अर्धं त्या दातांवर.

गंमत अशी की हा माणूस स्वतः गाड्यांचा. वालीवला त्यांचं गॅरेज होतं, हात चालेनासे झाले तेव्हा विकलं. पण आजारपणाने असा काही कोपऱ्यात नेऊन बसवला होता की स्वतःच्या गाडीचं बोनेट उघडायचंही नाव काढत नव्हते. मी विचारलं, हीटर का चालत नाही, तर म्हणाले, "जाऊ दे ना. कशाला त्याच्या मागे लागतेस."

मग मी शुक्रवारी गाडी नाक्यावर नेली. त्या मुलाने ऐकलं आणि थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनचं पाणी अडवणारा-सोडणारा भाग, बदलला. हीटर गार म्हणजे बहुतेक वेळा तोच उघडा अडकलेला असतो, काकी, म्हणाला. काम झटपट केलंन, उद्धट नव्हता. मीही खूश होऊन घरी आले.

शनिवारी परतताना हवा गारच. आणि एक नवीन गोष्ट, डॅशबोर्डच्या मागून आवाज यायला लागला, बाटलीतलं पाणी हलवल्यासारखा. इतका वेळ मिटलेले डोळे त्यांनी उघडले.

"काय बदललं त्याने?"

"थर्मोस्टॅट."

"तापमानाचा काटा आधी मध्यावर येत होता की नव्हता?"

"येत होता. रोजच येतो."

"मग थर्मोस्टॅट कशाला बदलला? तो उघडा अडकला असता तर इंजिन तापलंच नसतं, काटा खालीच लोळला असता. बंद अडकला असता तर एव्हाना धूर काढला असता गाडीने." एवढं बोलून त्यांना धाप लागली. मग शाल तोंडावर ओढून घेत शांतपणे म्हणाले, "मी मंगळवारी येणार नाही."

मला आधी वाटलं, त्या मेकॅनिककडे येणार नाही म्हणतायत.

"सुयांचं काही नाही," ते म्हणाले. "चार तास पडून राहायचंही काही नाही. पण ही थंडी हाडांत शिरते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत निघत नाही. मला नाही जमत आता. बस झालं."

डायलिसिसची एक पाळी चुकली तर अंगात पाणी साठतं, ते छातीपर्यंत चढतं, हे मला सेंटरवरच्या सिस्टरने पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. त्यांनाही बजावलं होतं. तेव्हा मंगळवारी येणार नाही म्हणजे काय, ते आम्हा दोघांनाही कळत होतं. मी भांडले नाही. मी आयुष्यभर या माणसाशी भांडत आले, पंख्याच्या वेगावरून, आमटीतल्या गुळावरून, पण त्या रात्री नाही. भीती वाटली मला, दुसरं काही नाही.

रविवारी सकाळी मी त्यांची पक्कड आणि पाना पिशवीतून काढला आणि दारात उभं राहून सांगितलं, "खाली जातेय. हीटर मीच उघडते."

"तू?"

"मग कोण? चार स्क्रू तर असतील."

मला माहीत होतं काय होणार. या माणसाने उभ्या जन्मात कुणाला स्वतःच्या गाडीला हात लावू दिला नव्हता. पाचच मिनिटांत ते भिंत धरत धरत लिफ्टमधून पार्किंगमध्ये उतरले. वॉचमनने खुर्ची दिली. कित्येक आठवड्यांनी त्यांच्या अंगावर सकाळचं ऊन पडलं, त्यात ते पिवळे दिसत होते.

"स्क्रू राहू दे. आधी कूलंट बघ, इंजिनचं पाणी. इंजिन गार आहे ना? मगच झाकण उघड. गरम असताना कधी उघडायचं नाही, तोंडावर येईल."

रेडिएटरचं झाकण काढलं तर आत पाणी खाली गेलेलं. बाजूची टाकी तर कोरडी ठणठणीत. त्या मुलाने पाणी पुरतं भरलं नव्हतं, आणि यांच्या आजारपणापासून ती टाकी बघायची असते हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. त्यांनी काही बोल लावला नाही. एवढंच म्हणाले, पाणी कमी झालं की हीटरच्या जाळीत हवा अडकते, कारण ती सगळ्यांत उंचावर असते. गरम पाणी तिथवर पोचत नाही. काटा बरोबर दाखवतो आणि हवा गार येते. खुळखुळ त्याचीच.

मी कूलंट आणलं. त्यांच्या सांगण्यावरून झाकण उघडं ठेवून गाडी चालू केली, हीटरची खुंटी लालवर, आणि बुडबुडे यायचे थांबेपर्यंत थोडं थोडं ओतत राहिले. ते खुर्चीतून मान वाकवून बघत होते. झाकण लावलं, टाकी खुणेपर्यंत भरली. खुळखुळ गेली. काटा मध्यावर आला. मी मोठ्या आशेने ब्लोअर लावला.

गार.

मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. रडू आलं होतं, पण वॉचमन बघत होता.

"इकडे ये," ते म्हणाले. "इंजिनच्या मागच्या भिंतीत दोन रबरी पाइप शिरतायत बघ. पंख्यापासून हात लांब ठेव. जपून हात लाव. एकच तापलाय की दोन्ही?"

मी बोटं टेकवली आणि झटकन मागे घेतली. "दोन्ही. सारखेच."

 मी वळून बघितलं तर ते माझ्याकडे बघत नव्हते, गाडीकडे बघत होते.

"दोन्ही गरम म्हणजे पाणी आत जाऊन परत येतंय," ते हळू आवाजात म्हणाले. "जाळी तापलेली आहे. हवाच तिच्यावरून जात नाहीये. आत एक झडप असते, ती हवा एकतर जाळीवरून सोडते नाहीतर बाजूने. खुंटी फिरवली की केबल ती झडप हलवते." मग थांबून, "खुंटी हलकी फिरते का गं?"

हलकीच फिरत होती. कितीतरी वर्षं.

"ड्रायव्हरच्या पायांपाशी खाली बघ. डाव्या अंगाला. तिथे मी काहीतरी केलंय."

मी अंगाचं मुटकुळं करून खाली वाकले, मोबाइलच्या उजेडात. हीटरच्या पेटीच्या बाजूला एक छोटी दांडी होती. केबल तिच्यातून काढून बाजूला सोडलेली, आणि दांडी बाइंडिंग वायरने मागच्या खिळीला करकचून बांधलेली. वायरचा पीळ घट्ट, आणि टोक आत दुमडलेलं, कुणाच्या बोटाला लागू नये म्हणून. घरातली प्रत्येक वायर ते अशीच बांधायचे, माझ्या कपड्यांच्या दोरीपासून देव्हाऱ्यावरच्या माळेपर्यंत.

तेव्हा मला आठवलं. माझी पाळी जायच्या वेळची ती दोन वर्षं. अंगातून वाफा निघायच्या, एसी लावला तरी मी गाडीत पदराने वारा घेत बसायचे. एका लग्नाला जाताना भर मे महिन्यात मी रस्त्यात गाडी थांबवायला लावून रडले होते. दुसऱ्या दिवसापासून एसी एकदम थंडगार झाला. मी विचारलंही नव्हतं काय केलंत म्हणून.

"केबल ढिली झाली होती," ते खुर्चीतून म्हणाले. "थोडी गरम हवा एसीत मिसळायची. म्हटलं बांधूनच टाकू. आपल्याला हीटर कधी लागणार आहे."

मी पीळ सोडवला, केबल दांडीत अडकवली, ते सांगत गेले तशी. खुंटी फिरवली, ती आता जड फिरली. हवा आली. आधी कोमट, मग चांगली गरम. त्यांना धरून सीटवर बसवलं. त्यांनी दोन्ही हात डॅशबोर्डवरच्या झरोक्यासमोर धरले आणि तसेच बसून राहिले.

"ती वायर टाकू नकोस," मग म्हणाले. "उन्हाळ्यात तुला लागेल."

"मला नाही बांधता येत," मी म्हटलं. माझा आवाज चढलाच. "तुम्ही बांधून द्यायची."

 मंगळवारी मी डबा भरून बाहेर आले तर ते चपला घालून दारापाशी बसले होते.

तो सगळा हिवाळा मी बंद काचांत घामाने निथळत गाडी चालवली आणि ते माझ्या शेजारी झोपून घरी आले. एक-दोनदा झोपेतून उठून खुंटीकडे हात नेला, तुला उकडतंय म्हणून. मी हातावर फटका मारला.

मे महिन्यात त्यांनी वायर बांधून दिली. पायांपाशी वाकताना मला त्यांना धरावं लागलं, बोटं थरथरत होती, तीनदा सुटली. पक्कड द्यायला गेले तर घेतली नाही. शेवटी बसली. टोक आत दुमडलेलं आहे की नाही हे त्यांनी अंगठ्याने दाबून बघितलं.

पाऊस सुरू व्हायच्या आत ते गेले.

आता पुन्हा डिसेंबर आहे. माझं वसईला जाणं होतं अधूनमधून, परतताना अंधार पडतो, काचेवर धुकं धरतं. काटा मध्यावर असतो आणि हवा गार येते. नाक्यावरचा तो मुलगा सर्व्हिसिंगच्या वेळी म्हणाला, काकी, खाली कुणीतरी झडप बांधून ठेवलीय, सोडवू का, दोन मिनिटांचं काम आहे. मी म्हटलं, नको, राहू दे. शाल घेते मी.