काचेच्या बाटलीतलं ब्रेक ऑइल

तुळशीच्या लग्नानंतरच्या रविवारी दुपारी चिल्फी घाट उतरताना आमची गाडी वळणावर उभ्या असलेल्या ट्रकवर मागून आदळली. गाडी मोठा भाऊ चालवत होता. आई त्याच्या शेजारी, डाव्या बाजूला बसली होती. कवर्ध्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत ती गेली. मागच्या सीटवर बसलेल्या वहिनीचा हात मोडला. भावाला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही.

ते तिघं मंडल्याला मावसभावाच्या लग्नाला गेले होते. बाबा आणि मी भिलाईत होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिथल्या पोलीस ठाण्यात गेलो. गाडी आवारात उभी होती. बॉनेटचा डावा कोपरा आणि छताची डावी कड ट्रकच्या मागच्या भागाखाली चेपली होती. चारही चाकं जागेवर होती. बाबा स्टील प्लांटमध्ये हायड्रॉलिक फिटर होते. निवृत्त झाल्यापासून गाडीची सगळी देखभाल तेच करत. त्यांनी आधी ब्रेक ऑइलची डबी पाहिली. ती भरलेली होती. खाली वाकून चारही चाकांच्या आतून बोट फिरवलं. बोट कोरडं निघालं. मग ते ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि पेडल दाबलं. चार-पाच वेळा दाबलं, शेवटी पाय तसाच रोवून ठेवला. पेडल खाली गेलं नाही.

भाऊ दरवाज्याशी उभा होता.

"मी पाय मारून राहिलो होतो, बाबा. आधी पेडल कडक होतं, पण गाडी थांबे ना. मंग एकदम लुसलुशीत झालं, पार खाली गेलं. हँडब्रेकही ओढला."

"आता कावून नाही जात खाली?"

"मले नाही मालूम."

"रात्रीतून आपोआप दुरुस्त झालं काय? एकतर ब्रेक जाते, नाही तर राहते. फोन पाहत होता तू."

"नाही, बाबा."

"खोटं नको बोलू. तुही माय गेली आहे."

तपासणीला आलेल्या निरीक्षकाने तेच लिहिलं: पेडल ठीक, गळती नाही, ऑइलची पातळी योग्य. बाबांनी जबाबात सांगितलं की ब्रेकमध्ये दोष नव्हता, ऑइल दोन महिन्यांपूर्वी, विश्वकर्मा पूजेला त्यांनी स्वतः बदललं होतं. भावावर निष्काळजीपणे गाडी चालवल्याचा गुन्हा नोंदला गेला.

आईचं क्रियाकर्म शिवनाथ नदीच्या काठावर झालं. अग्नी मोठ्या मुलाने द्यायचा, ही आमच्या घरची रीत. गुरुजींनी भावाला पुढे बोलावलं तेव्हा बाबांनी मडकं स्वतःच्या खांद्यावर घेतलं. भाऊ मागे सरला. दहाव्यालाही पिंड बाबांनीच ठेवले.

त्यानंतर बाबा भावाशी बोलले नाहीत. दोघं एकाच घरात राहत होते. चहा झाला की बाबा मला सांगत, "त्याले सांग, चहा झाला." भाऊ तिथेच बसलेला असे.

वहिनीने एकदा त्यांना ऐकवलं. हाताला प्लास्टर होतं.

"मी मागं बसून होती, बाबा. फोन डिक्कीत होता, बॅगेत. घाटात जळल्यासारखा वास येऊन राहिला होता, मी म्हटलंही, क्लच जळून राहिला काय म्हणून. आईंनी पदर नाकाले लावला होता."

"नवऱ्याची बाजू घेशीनच तू."

"तुमचा पोरगा नाही काय तो?"

बाबा उठून बाहेर गेले.

कोर्टाने गाडी सोडली तेव्हा ती टोचन करून, दुसऱ्या गाडीने ओढत, भिलाईतल्या खुर्सीपारच्या एका ब्रेकच्या गॅरेजात आणली. भावाच्या वकिलाला ब्रेकची तपासणी दुसऱ्या कोणाकडून तरी करून हवी होती. बाबा आले ते "मीही पाहतो काय निघते" असं म्हणून. गॅरेजवाला मूळचा अंबिकापूरचा, डोंगराळ भागातला. त्याने पुढची दोन्ही चाकं काढली. डिस्कवर निळसर झाक होती. पॅडचा घासणारा भाग काचेसारखा चकचकीत झाला होता, कडांना तडे होते.

"कौन से गियर में उतरे?" त्याने विचारलं.

"चौथ्या," भाऊ म्हणाला.

"पूरा घाट?"

भावाने होकारार्थी मान हलवली. भिलाईचे रस्ते सपाट आहेत. घाट तो पहिल्यांदाच उतरत होता. जाताना चढण होती, ब्रेकचं काम पडलं नव्हतं. उतरताना पुढे ट्रकांची रांग होती आणि त्याने पाय पेडलवरून काढलाच नाही. गॅरेजवाला म्हणाला, इथे चूक आहेच. दुसऱ्या गिअरमध्ये उतरला असता तर इंजिनने गाडी धरली असती, पॅड इतके तापले नसते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

मग त्याने ऑइलच्या डबीत पेनासारखं एक यंत्र बुडवलं. लाल दिवा लागला. ऑइलमध्ये पाणी आहे, तो म्हणाला. पॅडची उष्णता आत ऑइलपर्यंत पोचते. पाणी मिसळलेलं ऑइल लवकर उकळतं, नळीत वाफ होते. ऑइल दबत नाही, वाफ दबते. म्हणून पेडल खाली जातं. गाडी थंड झाली की वाफेचं परत पाणी होतं आणि पेडल पुन्हा कडक.

"पानी कहाँ से आएगा?" बाबा म्हणाले. "मैंने खुद बदला है. छानकर, देखकर."

ते घरी जाऊन ब्रेक ऑइलचा डबा घेऊन आले. मोठा, पत्र्याचा, अर्धा भरलेला. काही वर्षांपूर्वी फोडलेला. न्हाणीघरातल्या माळ्यावर, गीझरच्या वर ठेवलेला असे. झाकणाला चीर होती, तिच्यावर प्लास्टिकची पिशवी रबराने बांधली होती. गाडीत भरण्याआधी बाबांनी त्यातलं ऑइल काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवलं होतं. प्लांटमध्ये हायड्रॉलिक ऑइल तसंच पाहत: पाणी असेल तर ते तळाशी बसतं, वरचं ऑइल गढूळ दिसतं. बाटली स्वच्छ होती. म्हणून त्यांनी ते भरलं.

गॅरेजवाल्याने पेन डब्यात बुडवलं. पुन्हा लाल दिवा. मग सीलबंद बाटली फोडून तिच्यात बुडवलं. हिरवा.

"ये पानी पीता है, चाचा. हवा से. नीचे नहीं बैठता."

"दिव्यावर माहा भरोसा नाही," बाबा मला म्हणाले. त्यांनी ती नुकती फोडलेली बाटली विकत घेतली.

घरी त्यांनी ऑइल तपासायची आधीचीच काचेची बाटली धुऊन वाळवली, नवं ऑइल ओतलं, वर चमचाभर पाणी टाकलं, हलवली आणि खिडकीत ठेवली. सकाळी ती उन्हासमोर धरली. तळाशी पाणी नव्हतं. ऑइल कालच्याइतकंच स्वच्छ दिसत होतं. त्यांनी बाटली उलटी केली, सुलटी केली, पुन्हा धरली. वहिनी ओट्याशी उभी राहून पाहत होती.

"काय झालं, बाबा?"

"पाणी दिसून नाही राहिलं."

"मंग?"

"टाकलं तर मीच."

ते आत गेले. भाऊ बूट घालत होता.

"चाल," बाबा त्याला म्हणाले. "ठाण्यात जायचं आहे."

"कावून?"

"जबाब बदलायचा आहे माहा."

दोघं बसने गेले. ठाणेदाराने सांगितलं, एकदा दिलेला जबाब बदलत नाही, पुरवणी जबाब होतो. तो घेतला गेला. घाट चौथ्या गिअरमध्ये उतरल्याचं भावाने कायम ठेवलं. डब्यातल्या ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला. त्यात पाणी असल्याचा अहवाल आला. गुन्हा मागे घेतला गेलेला नाही, कोर्टात तारखा चालू आहेत.

वर्षश्राद्धाला पिंड भावाने ठेवले.