आम्लात पाणी टाकून का?

बाईंनी हयातभर रसायनशास्त्र शिकवलं. मुलांनी त्यांचं नाव ‘लिटमस बाई’ पाडलं होतं, कारण राग आला की त्यांचं नाक आधी लाल व्हायचं आणि मग शब्द बाहेर पडायचे. निवृत्तीनंतर सहा महिने त्यांनी कपाटं आवरली, मग आवरलेली कपाटं पुन्हा आवरली, आणि शेवटी नवऱ्याला म्हणाल्या, “अहो, मला फळा आणून द्या. नाहीतर मी तुम्हालाच शिकवायला लागेन.”

नवऱ्याचा फोटो स्टुडिओ होता. तो बंद करून नवराही घरीच बसला होता. जिवावर बेतण्यापेक्षा फळा परवडला. मागच्या खोलीत टेबल आलं, दिवे आले, जुना कॅमेरा तिपाईवर चढला आणि बाईंचा चॅनेल सुरू झाला. शाळेतल्या प्रयोगांचे छोटे व्हिडिओ. बघणारे फार नव्हते, पण जे होते ते चिकट होते. परीक्षा जवळ आली की संख्या वाढायची, परीक्षा झाली की ओसरायची.

घरात तिसरं माणूस म्हणजे वन्सं, नवऱ्याची मोठी बहीण. टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. ऐन चाळिशीत डोळ्यांच्या विकाराने नजर गेली, पुढे यजमान गेले आणि त्या भावाकडे राहायला आल्या. नजर गेली तशी जीभ धारदार झाली, असं त्या स्वतःच सांगायच्या. साठी उलटलेल्या भावाला अजून ‘बाळ्या’ म्हणायच्या.

व्हिडिओखाली येणाऱ्या ओळींकडे बाईंनी कधी लक्ष दिलं नव्हतं. बोललेलं ऐकून यंत्र आपोआप कॅप्शन टाकतं, एवढं त्यांना ठाऊक होतं. आपोआप होतंय ना, मग होऊ दे.

एके दिवशी कर्णबधिर मुलांच्या शाळेतल्या विज्ञान शिक्षकांचा निरोप आला.

“बाई, आमची मुलं तुमचे व्हिडिओ कॅप्शन वाचून शिकतात. काल आमच्या प्रयोगशाळेत एक मुलगी चंचुपात्रातल्या आम्लात पाणी ओतायला निघाली होती. मी मनगट धरलं म्हणून निभावलं. तिला विचारलं, तर तिने तुमचा व्हिडिओ लावून दाखवला. सोबत चित्र पाठवतोय. राग नाही, पण बघा.”

बाईंनी चित्र मोठं करून पाहिलं. तीव्र आम्ल विरल कसं करावं, हा त्यांचा सगळ्यांत जास्त पाहिलेला व्हिडिओ. त्यात त्या बोट उगारून बजावत होत्या, आणि खाली ओळ होती: ‘आम्लात पाणी टाकून का’.

त्या म्हणाल्या होत्या, “आम्लात पाणी टाकू नका.” यंत्राने एक अक्षरही चुकवलं नव्हतं. फक्त मधली मोकळी जागा सरकली होती. त्या मुलीला वाटलं, बाई प्रश्न विचारतायत, आम्लात पाणी टाकून असं का होतं? मग टाकून बघू या.

तीव्र आम्लात पाणी पडलं की एवढी उष्णता निघते की वरचं पाणी उकळून आम्लासकट अंगावर उडतं. बाईंनी हे हजार वेळा शिकवलं होतं.

“यंत्राची चूक,” नवरा म्हणाला. “तू बरोबरच बोलली होतीस.”

“माझ्या वर्गात माझ्या फळ्यावर कुणी चुकीचं लिहून गेलं, तर पुसायचं कुणी?”

नाक लाल झालेलं पाहून तो चहा टाकायला उठला.

बाईंनी आधी तो व्हिडिओ लपवला. मग शिक्षकांना फोन लावून माफी मागितली आणि बाकीचे व्हिडिओ उघडून बसल्या. ‘आम्लारी’ची ‘आम्हा लारी’ झाली होती. ‘क्षार’ कुठे ‘शहर’ तर कुठे ‘चार’. एका ठिकाणी ‘तांब्याचा कीस’ म्हटल्यावर खाली ‘तांब्या चकित’ आलं होतं, आणि तेवढ्यापुरतं त्यांनाही हसू फुटलं.

कॅप्शन दुरुस्त करायला व्हिडिओ नव्याने चढवावा लागत नाही, ओळींची फाइल तेवढी बदलायची, हे कळल्यावर जीव भांड्यात पडला. त्या ऐकायच्या, थांबवायच्या, टाइप करायच्या, ओळ कधी यावी नि कधी जावी ते लावायच्या. ‘नका’, ‘नाही’, ‘नको’ ओळीच्या शेवटी एकटं लटकू नये म्हणून ओळी तोडायची जागा बदलायच्या. आम्लाची फाइल पहिली तयार झाली. व्हिडिओ पुन्हा खुला केला आणि प्रतिक्रियांत सगळ्यांत वर स्वतःची टीप लावली: आधीच्या कॅप्शनमध्ये उलट अर्थ गेला होता, बरोबर नियम असा आहे.

मग हायड्रोजनच्या व्हिडिओची फाइल मोठ्या समाधानाने शिक्षकांना दाखवली. ते मोकळेपणाने म्हणाले, “बाई, शब्द अचूक आहेत. पण दोन गोष्टी. परीक्षानळीच्या तोंडाशी जळती काडी नेल्यावर पट् असा आवाज होतो, तोच तर हायड्रोजनचा पुरावा. तुमच्या ओळींत तो नाहीच. आमच्या मुलांना वाटतं, काडी नेली आणि बाई उगाच खूश झाल्या.”

“अगं बाई! आणि दुसरी?”

“तुम्ही श्वास न घेता बोलता. मूल एक तर ओळ वाचेल, नाहीतर नळी बघेल. दोन्ही एकदम कसं करणार?”

आवाज चौकटी कंसात घालणं सोपं होतं. ‘पट् असा छोटा स्फोटाचा आवाज’ असं त्यांनी लिहिलं. पण बोलणं आवरणं म्हणजे नदीला वळण लावणं. पुढच्या व्हिडिओंत रंग बदलायच्या क्षणी गप्प राहायचं, असं त्यांनी ठरवलं आणि जेवताना ते अभिमानाने जाहीर केलं.

“म्हणजे आता तू गप्पसुद्धा बसणार?” वन्सं म्हणाल्या. “आत्ताच ‘बघा, बघा, काय झालं!’ म्हणतेस, आणि काय झालं ते मला कळत नाही. त्यात आता शांतता. छान.”

बाईंचा घास हातात राहिला. “वन्सं, तुम्ही ऐकता माझे व्हिडिओ?”

“सगळे. भिंतीपलीकडे तू दिवसभर शिकवतेस, कानात बोळे घालू का? अर्धं रसायनशास्त्र येतं मला. उरलेलं अर्धं तू बोटाने दाखवतेस.”

एकाच घरात इतकी वर्षं राहून ही गोष्ट बाईंच्या मनाला शिवली नव्हती. त्या रागावल्या नाहीत. ताट बाजूला सारून म्हणाल्या, “मग शिकवा मला कसं सांगायचं ते.”

दुसऱ्या दिवसापासून मागच्या खोलीत तीन खुर्च्या लागल्या. दृश्याचं वर्णन नवऱ्याने बोलायचं ठरलं. त्याने घसा खाकरला आणि फोटो स्टुडिओतल्या थाटात सुरुवात केली. “पांढरा अ‍ॅप्रन घातलेल्या, प्रसन्न मुद्रेच्या बाई—”

“बाळ्या, बायकोचं कौतुक नंतर. टेबलावर काय आहे?”

“एक शंकूसारखं काचपात्र. त्यात रंगहीन द्रव. वर उभी ब्युरेट, तोटी असलेली लांब नळी. आता सुंदर गुलाबी रंग येणार आहे—”

“येणार आहे? आलाय का? नाही ना! मग मला आधीच कशाला सांगतोस? बघणाऱ्यांना कळेल तेव्हा मला कळू दे. आणि सुंदर की कसा, ते माझं मी ठरवीन.”

नवरा गोरामोरा झाला. पण खरी अडचण वेगळीच निघाली. वर्णन घालायचं कुठे? ते बोलण्यातल्या मोकळ्या जागेत बसवतात, आणि बाईंच्या जुन्या व्हिडिओंत मोकळी जागा औषधाला नव्हती. दोघांचे आवाज एकावर एक चढले, तेव्हा वन्संनी कान झाकले. “लाइन क्रॉस झाली तुमची! एक कुणीतरी फोन ठेवा.”

मग नवऱ्यालाच तोडगा सुचला. जिथे वर्णन हवं तिथे चित्र गोठवायचं, बाईंचं बोलणं थांबवायचं, वर्णन सांगायचं आणि पुढे जायचं. त्याने व्हिडिओ लांबत होता, त्यामुळे तो वेगळा चढवावा लागत होता. कॅप्शनच्या सगळ्या वेळाही सरकत होत्या, त्या पुन्हा लावायच्या. काम किचकट होतं. सगळे व्हिडिओ असे होणार नाहीत, हे बाईंनी मान्य केलं. ज्यांत धोका आहे ते आधी, परीक्षेत येतात ते नंतर.

नव्या व्हिडिओंना मात्र सरळ मार्ग सापडला. ‘हे इकडे ओता’ म्हणायचंच नाही. ‘डाव्या चंचुपात्रातलं आम्ल उजवीकडच्या पाण्यात, काचकांडीवरून, थोडं थोडं’ असं शिकवतानाच बोलायचं. जे दाखवायचं ते सांगायचंही, मग गप्प व्हायचं आणि सर्वांना बघू द्यायचं, ऐकू द्यायचं. बाईंना सवय लागेपर्यंत वन्सं शेजारी काठी घेऊन बसायच्या. ‘हे’ किंवा ‘असं’ निसटलं की काठी फरशीवर टक् वाजायची आणि चित्रण पुन्हा पहिल्यापासून.

“माझ्या सासूने एवढा जाच केला नव्हता,” बाई कुरकुरल्या.

“तिला रसायनशास्त्र येत नव्हतं.”

अनुमापनाच्या, म्हणजे थेंबाथेंबाने आम्लारी घालून आम्ल मोजण्याच्या व्हिडिओत मोठी अडचण आली. बाईंनी सांगितलं, “थेंब पडतो तिथे गुलाबी रंग दिसतो, पात्र हलवलं की नाहीसा होतो. शेवटच्या थेंबानंतर मात्र फिकट गुलाबी रंग टिकून राहतो.” काठी वाजली नाही, पण वन्सं विचारात पडल्या.

“मला गुलाबी आठवतो. पण ज्या पोराने रंगच कधी पाहिला नाही, त्याने काय करायचं?”

बाईंनी हातातली नळी खाली ठेवली. मग कॅमेऱ्याकडे वळून म्हणाल्या, “रंग हा फक्त निरोप आहे. तो टिकला, याचा अर्थ पात्रातलं सगळं आम्ल संपलं आणि आम्लारी किंचित जास्त झाला. आपल्याला रंग नको आहे, हा क्षण हवा आहे.”

इतकी वर्षं ‘गुलाबी झालं की थांबा’ एवढंच त्या वर्गात सांगत आल्या होत्या. का थांबायचं, ते अर्ध्याअधिक वर्गाला कळलं नसणार, असं त्यांना त्या दिवशी वाटलं.

बघणाऱ्यांची संख्या काही उसळली नाही. एकाने तर लिहिलं, “बाई, हल्ली फार हळू शिकवता.” बाईंनी उत्तर दिलं, “वेग वाढवायचं बटण आहे, बाळा.” पण ज्यांना डोळ्यांनी ऐकावं लागतं किंवा कानांनी बघावं लागतं, असे काही जण हळूहळू येऊ लागले. एका अंध मुलाच्या वडिलांनी कळवलं, की आता मुलगा एकटाच व्हिडिओ लावतो, त्यांना शेजारी बसून सांगावं लागत नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांना थोडं चुकल्यासारखं होतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर विज्ञान शिक्षकांनी एक व्हिडिओ पाठवला. पडद्यावर तीच मुलगी होती, गॉगल लावलेली. ती हातांनी भरभर बोलत होती आणि खाली शिक्षकांनी ओळी दिल्या होत्या: ‘पाण्यात आम्ल टाकलं तरी उष्णता तेवढीच निघते ना? मग तेव्हा का उडत नाही?’

बाईंनी वन्संना ओळ वाचून दाखवली आणि ती मुलगी कशी दिसते, हात कसे हलवते, तेही न विचारता सांगितलं.

“प्रश्न चांगला आहे,” वन्सं म्हणाल्या. “उत्तर येतं का तुला?”

“येतं. भरपूर पाणी असलं की ते उष्णता वाटून घेतं, आणि जड आम्ल खाली बसून मिसळत जातं. आम्लावर थोडं पाणी पडलं तर ते वर तरंगतं आणि जागच्या जागी उकळतं.”

“मग मला काय सांगतेस? बाळ्याला हाक मार, दिवे लावू दे.”