टाळ्या कधी वाजवायच्या

आमच्या विचुंब्याच्या सोसायटीत माझ्या तबल्याबद्दल दोन मतं नाहीत. तो बंद व्हावा, एवढं एकच मत आहे. खालच्या मजल्यावरच्या सावंतकाकू तर जिन्यात भेटल्या की 'कसा आहेस' विचारतच नाहीत. 'आज वाजवणार आहेस का?' असं विचारतात आणि उत्तराप्रमाणे भाजीला निघून जातात. शेवटी एके दिवशी जेवताना बाबांनी निकाल दिला.

"क्लासच्या कार्यक्रमात वाजवतोयस ना? चारचौघांत नीट वाजवून दाखव. जमलं तर चालू दे. नाहीतर तबला माळ्यावर आणि तू इंजिनिअरिंगच्या पुस्तकांसमोर."

"माळ्यावर जागा नाहीये," आई म्हणाली. "जुना कूलर आहे तिथे."

माझ्या बाजूने घरात मांडला गेलेला मुद्दा तेवढाच.

आमचे गुरुजी गव्हाणचे. कार्यक्रमात माझ्यासाठी पेटीवर लेहरा तेच धरणार होते. लेहरा म्हणजे सोळा मात्रांची छोटीशी धून. पेटीवाला ती गोल गोल फिरवत राहतो आणि तबलेवाल्याने तिच्यावर आपली करामत दाखवायची. धून जिथून पुन्हा सुरू होते ती पहिली मात्रा म्हणजे सम. कितीही भटका, शेवटी घरी यायचं ते समेवर. (मी बहुतेक वेळा शेजाऱ्यांच्या घरी जातो.)

माझ्या वादनाचा शेवट होता चक्रदार. एक तुकडा, त्याच्या शेपटाला तिहाई, म्हणजे एकच बोल तीनदा, आणि हे सगळं प्रकरणही तीनदा! तिहाया तीन, पण सम एकच, अगदी शेवटच्या धा वर.

"दोनदा संपल्यासारखा वाटतो, पण संपत नाय," गुरुजींनी बजावलं. "मधे दोन मात्रांचा दम हाय. तिथं हात थांबतो, मोजणं थांबत नाय. काय?"

"हो गुरुजी."

"पब्लिककडं बघायचं नाय. टाळ्या पडोत नायतर न पडोत, कान पेटीला लावायचा. आणि सम हरवली तर थांबू नको. साधा ठेका धर आणि ऐकत राहा. लेहरा कुटं जात नाय."

मी मान हलवली. खरं सांगायचं तर मला सम हरवण्याची एवढी भीती नव्हती, त्याची सवय होती. मला भीती होती ती शांततेची. मी वाजवून संपवलं आणि कुणीच टाळी वाजवली नाही तर? रात्रंदिवस तेच डोक्यात. म्हणून मी गुरुजींचा उपदेश बाजूला ठेवला आणि घरच्यांचीच तालीम घ्यायला बसलो.

"नीट ऐका," मी जेवणाच्या टेबलावर बोटं आपटत म्हणालो. "तिटकत गदिगन धा, तिटकत गदिगन धा, तिटकत गदिगन धा. तिसऱ्या धा ला टाळ्या. जोरात."

"तिसऱ्या धा ला," बाबांनी घोकलं.

"आणि मी?" उलव्याहून व्हिडिओ कॉलवर मावशी. तिच्या मागे कुठल्याशा इमारतीचं ड्रिलिंग चालू होतं.

"तू बाबांकडे बघ आणि वाजव."

ही तिहाई चक्रदारात तीनदा येते, हे मी सांगायला विसरलो असं नाही. मला वाटलं, उगाच त्यांचा गोंधळ होईल.

कार्यक्रमाच्या दिवशी पनवेलच्या त्या हॉलमध्ये एसी इतका जोरात होता की दायां, म्हणजे उजव्या हाताचा तबला, सुरात चढला. गुरुजींनी शांतपणे हातोडी घेतली, त्याच्या कडेच्या गजऱ्याला खालून वर हलके ठोके दिले आणि त्याला पेटीच्या काळी एकवर उतरवून आणलं. माझी धडधडही चढली होती, पण ती उतरवायची हातोडी त्यांच्याकडे नव्हती. मी तळहातांना पावडर लावली. घाम आला, पावडरीचं पिठलं झालं. पुसून पुन्हा लावली.

"माझ्याकडं बघ," गुरुजी म्हणाले आणि लेहरा सुरू केला.

पेशकार गेला. कायदा गेला. कुठे गेला मला माहीत नाही, पण दर समेला गुरुजींची मान हलत होती, त्यावरून आम्ही दोघं एकाच गावात आहोत एवढं कळत होतं. मग चक्रदार आला. मी तुकडा उचलला, तिहाई सुटली, आणि पहिल्या फेरीचा तिसरा धा पडला.

बाबा तयारच होते. त्यांनी टाळी मारली, शेजारी बसलेल्या मावशीने मारली, आणि त्यांच्यामागे विचुंब्याहून आलेल्या सगळ्या रांगेने मारली. पेटी ऐकूच येईना. दोन मात्रांचा दम, आणि मी शहाण्यासारखा टाळ्या थांबेपर्यंत थांबलो. (नमस्कारसुद्धा केला. बसल्या जागेवरून.) गुरुजींचे ओठ हलत होते. ते काय म्हणत होते हे कळायला मी त्यांच्याकडे बघायला हवं होतं. मी बाबांकडे बघत होतो.

दुसरी फेरी. पुन्हा तिसरा धा. आता बाबा उभे राहिले. मावशी "वा रे वा" म्हणाली, आणि लेहरा पार बुडाला. पुढच्या रांगेतल्या एका जाणकार गृहस्थांनी मात्र वळून आमच्या माणसांकडे असं पाहिलं की बाबा खाली बसले आणि त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

तिसऱ्या फेरीचा शेवटचा धा मी जीव तोडून मारला. तो पडला नवव्या मात्रेवर, म्हणजे 'खाली' म्हणतात तिच्यावर. सोळा मात्रांच्या अख्ख्या तीनतालात समेपासून याहून लांब जागा नाही. आणि सगळीकडे शांतता. ज्या शांततेला मी महिनाभर घाबरलो होतो, ती माझ्याच घरच्यांनी मला दिली. मला माळ्यावरचा कूलर दिसायला लागला. त्याच्या शेजारी तबला. जमलं असतं तर मीही तिथेच बसलो असतो.

हात मात्र थांबले नव्हते. कुणास ठाऊक कसा, त्या 'खाली'पासूनच मी ठेका धरला होता. धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. आणि पेटी ऐकू आली. लेहरा खरंच कुठे गेला नव्हता. गुरुजी तीच धून तशीच फिरवत होते, कपाळावर आठीसुद्धा नाही. मी तीन-चार आवर्तनं नुसता ठेका वाजवत ऐकत राहिलो. डोळे भरून आले होते, पण सम दिसायला डोळे लागत नाहीत. मग एक छोटी तिहाई घेतली, आणि शेवटचा धा आणि गुरुजींची मान एकदम पडली.

"हां," गुरुजी म्हणाले.

माझ्या आयुष्यातली ती पहिली खरी सम. एकही टाळी पडली नाही. बाबांचे हात अजून मांड्यांखालीच होते.

बाहेर चप्पल घालताना बाबांनी गुरुजींना गाठलं. "गुरुजी, आमचं नक्की कुठे चुकलं हो?"

"तुमचं? चुकलं नाय," गुरुजी म्हणाले. "लवकर आलात."

हे बाबांना फार लागलं. पुढच्या रविवारी गुपचूप क्लासला येऊन माझ्या शेजारी बसले आणि हातावर टाळी-खाली मोजायला लागले. तबला माळ्यावर गेला नाही, कारण आता तो त्यांना लागतो. "बघ," गुरुजी मला सुनावतात, "वडलांची सम चुकत नाय."

परवा सावंतकाकू जिन्यात भेटल्या. "आज कोण वाजवणार आहे? तू की बाबा?"

"बाबा."

"मग ठीक आहे," म्हणाल्या, आणि भाजीला न जाता घरी परतल्या.