पुस्तक उघडं, डोकं बंद

कुराशिना आमच्या कायदा विभागातला पाचव्या वर्षाचा विद्यार्थी. चार वर्षांचं शिक्षण पाचव्या वर्षात ओढणारा. एप्रिलपासून ओसाकातल्या एका विमा कंपनीत नोकरी ठरलेली. अडलं होतं फक्त दिवाणी कायद्याच्या एका पेपरवर. तो सुटला नाही, तर पदवी नाही आणि नोकरीही नाही.

आजवर हा पठ्ठ्या जुन्या प्रश्नपत्रिका पाठ करून तरला. तेव्हा साठ मिनिटांत दहा व्याख्या लिहायच्या असत आणि टेबलावर फक्त पेन्सिल आणि खोडरबर. यंदा इनुबुशी सरांनी पुस्तकं उघडी ठेवून परीक्षा घ्यायचं जाहीर केलं. कुराशिना खूश. विभागाच्या कार्यालयात माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला,

"साकाकी-सान, आता अभ्यास कशाला? सगळं समोरच असणार!"

"अरे, नियम तरी वाच," मी म्हटलं. "पाठ्यपुस्तक, कायद्याचं पुस्तक आणि स्वतःच्या हाताने लिहिलेली टिपणं. झेरॉक्स नाही, मोबाइल नाही, शेजाऱ्याचं पुस्तक मागायचं नाही."

"हाताने लिहिलेलीच हवीत ना? लिहितो की!"

आणि त्याने खरंच लिहिली. वर्गातल्या मिझोगुचीची वही मागून आणली आणि आठवडाभर कॅन्टीनमध्ये उदोन नूडल्स गिळत जशीच्या तशी उतरवली. अक्षर सुरेख, पानापानाला रंगीत चिठ्ठ्या. एक ओळ समजून घ्यायचे कष्ट मात्र साहेबांनी घेतले नाहीत. असल्या मेहनतीची मला शिसारी येते.

परीक्षेला मी पर्यवेक्षक होते. नव्वद मिनिटं, प्रश्न एकच. एका बाईंनी शेजाऱ्याला व्हायोलिन वापरायला दिलं, त्याने ते दुकानदाराला विकलं, पेटीवर बाईंचं नाव कोरलेलं होतं. व्हायोलिन कोणाचं, कारणांसह सांगा. प्रामाणिकपणे, निष्काळजीपणा न करता विकत घेतलं तर वस्तू घेणाऱ्याची, हे कलम पुस्तकात होतंच. पण नाव दिसत असूनही चौकशी न करणाऱ्या दुकानदाराला निष्काळजी म्हणायचं का, हे ज्याचं त्याने ठरवायचं होतं.

कुराशिना सूचीत 'व्हायोलिन' शोधत बसला. खरंच! मग 'पेटी'. चिठ्ठ्या उलटताना अर्धा वेळ गेला. मिझोगुचीने एकदाच कलम उघडलं आणि लिहायला लागली. शेवटी घाबरून कुराशिनाने टिपणांतली सापडली ती पानं अथपासून इतिपर्यंत उत्तरपत्रिकेत ओतली.

दोन आठवड्यांनी तो कार्यालयात आला. "साकाकी-सान, चार पानं लिहिली होती हो! टिपणांतलं चूक कसं असेल?"

मी त्याची उत्तरपत्रिका पुढे सरकवली. तिसऱ्या पानावर, त्याच्याच सुरेख अक्षरात, मिझोगुचीने स्वतःसाठी केलेली नोंद होती: 'निष्काळजीपणा म्हणजे नेमकं काय, कळलं नाही. सरांना विचारायचं.'

खाली इनुबुशी सरांची लाल शाई: 'ती विचारून गेली. तुम्ही कधी येताय?'

कुराशिनाने ते दोनदा वाचलं. मग अगदी हळू आवाजात मला विचारलं, "विमा कंपनीला फोन कोण करतं, विभाग की मी स्वतः?"

"स्वतः," मी म्हटलं.