न फिरलेले पैसे

उमरठच्या वरच्या वाडीतलं माझं भाषण वीस मिनिटांत आटपायचं, असं मी ठरवून गेले होते. प्रयागबाई समोर बसल्या की ठरवण्याला काही अर्थ उरत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

साल दोन हजार तीन. मी महाडची हुमेरा. बचतगटांची सहयोगिनी म्हणून पोलादपूरच्या वाड्या पायी पालथ्या घालत होते. या गटात बारा बायका, महिन्याला प्रत्येकीचे तीस रुपये, आणि गटाला आठ महिने झालेले. बँकेचं कर्ज मिळालं की शेळ्या घ्यायच्या, एवढं एकच स्वप्न सगळ्यांनी धरून ठेवलं होतं.

प्रयागबाई गटाच्या खजिनदार, साठीच्या पुढच्या. नवरा भागोजी मुंबईच्या खानावळीत राबला आणि तिथंच गेला. मग गोधड्या शिवून बाईंनी मुलगा वाढवला. शेजारणीकडून कधी विरजणसुद्धा आणलं नाही. कुणाचं देणं नको, हा त्यांचा बाणा वाडीला तोंडपाठ होता.

मी सुरुवात केली, "सहा महिने गट नीट चालला की बँक तपासायला येते. पसंत पडला तर बचतीच्या चौपटीपर्यंत कर्ज मिळू शकतं. तारण लागत नाही."

"तारान नाय? मंग बँक इश्वास कशावर ठेवते गो बाय?" प्रयागबाईंनी लगेच विचारलं.

"तुमच्यावर. कर्ज गटाच्या नावावर. एकीनं थकवलं तर बाराजणींनी भरायचं."

"बरं हाय. पळून जायाचं म्हटलं तरी जानार कुठं, कशेडीच्या घाटात?"

बायका खो खो हसल्या. मी घड्याळ बघत वही उघडली. सभा वेळच्या वेळी, बचत चोख, सह्या आणि अंगठे जागच्या जागी. अंतर्गत कर्जाचं पान मात्र कोरं करकरीत.

"एकीनंही कर्ज उचललं नाही?"

"येक रुपाया हलू दिला नाय," प्रयागबाई ताठ बसून म्हणाल्या. "जी मागायला उठली, तिला गप बशिवली."

माझा पारा चढलाच. "मग बँक कर्ज देणार नाही. तुम्ही आपापसात पैसे देता का, ते परत येतात का, हेच तर त्यांना बघायचंय! नुसते साठवायला डबा पुरला असता."

सगळ्यांचे चेहरे उतरले. शेळ्या डोळ्यांदेखत डोंगराआड गेल्या. प्रयागबाईंनी हळूच विचारलं, "म्हंजे माझ्यामुळं आडलं?"

त्यांनी वहीच्या कोऱ्या पानावर बोट ठेवलं.

"मंग लिवा माझ्या नावावर तीनशे. फुडल्या म्हैन्यात टाकते परत."

"कशासाठी हवेत?"

"कशासाठी म्हंजे? पान भरायला!"

"खोटं कर्ज मी लिहू देणार नाही. गरज सांगायची, सभेनं मान्य करायची, मगच पैसे."

त्या घुटमळल्या. मग कुतूहलानं मान वर आली. "याज किती?"

"तुम्हीच ठरवलंय ना, शेकडा दोन. तीनशेवर पहिल्या महिन्यात सहा रुपये."

"ते कुनाच्या घशात?"

"गटाच्या. म्हणजे बारावा हिस्सा तुमचाच."

"आग्गं बाय! म्हंजे माझंच याज फिरून थोडं माझ्याच घरात?" त्या बोटांवर काहीतरी मोजत राहिल्या. गंमत वाटत होती त्यांना. मग बोटं थांबली, चेहरा गंभीर झाला.

"डोळं," त्या म्हणाल्या. "चष्मा पायजे. सुईत दोरा जात नाय. नोटा बी नीट..."

गटाचा पैसा मोजणारीला आठ महिने नोटा धड दिसत नव्हत्या, आणि मी तिला कर्जाची व्याख्या शिकवत बसले होते!

अध्यक्ष रखमा सरकून त्यांच्याजवळ आली. "ठावं हाय, काकी. म्हून तर आमी समद्या दहाच्याच नोटा आनतो. तीन म्हंजे तीन. पन्नासाची आनून तुला सुट्टं मागायचं नाय, आसं ठरवलेलं आमी."

"आठ म्हैने?" प्रयागबाई भडकल्या. "आनि मला येक बी बोलली नाय?"

"तू जगाचं समदं इचारतेस. ह्येच कवा इचारलं नायस."

प्रयागबाईंचा पदर डोळ्यांना लागला. मलाही रडू आवरेना, उगाच वहीत डोकं खुपसलं. अकराजणींनी हात वर करून कर्ज मान्य केलं, तीन हप्ते ठरले. "असंच तीन-चार महिने देणं-घेणं होऊ द्या, मग बँकेच्या साहेबांना मी घेऊन येते," मी म्हटलं. त्या दिवशी जमलेल्या तीनशे साठांतले तीनशे रखमानं प्रयागबाईंच्या ओंजळीत ठेवले.

त्यांनी तीसही नोटा मोठ्यानं, एकेक करून मोजल्या. कुणी घाई केली नाही. मोजून झाल्यावर त्या कोपऱ्यात बसलेल्या सुंदराबाईकडं वळल्या.

"सुंदरे, मागल्या खेपेला तुला मीच गप बशिवली ना? पोरीच्या फीचं बोलत व्हतीस. ऊठ, बोल आता. बँकेत ठेवलेल्या आपल्या बचतीतनं काढून देऊ."